४१३ आणि ४१४ कुठे गेले?

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात एक गोष्ट लक्षात येते. "पुढे धोकादायक वळण आहे" अशी पाटी जिथे उभी असते, तिथे पाटीच्या आधी कुणीतरी खाली गेलेला असतो. वळण जुनंच, पाटी नंतरची.

माझ्या मोबाइलमध्ये असाच एक मेसेज आहे. नऊ परिच्छेदांचा. काम पूर्ण झालं की तो मी गिऱ्हाइकाला पाठवतो. फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, त्यांची नावं तशी का आहेत आणि त्या नावांना हात का लावू नये, एवढंच त्यात आहे. बायको त्याला "सत्यनारायणाची पोथी" म्हणते, कारण तो कुणी वाचत नाही, पण मी सांगितल्याशिवाय राहत नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी दरीत गेल्यावर लिहिलेलं आहे. बहुतेक वेळा तो मीच होतो, आणि ढकलणारे एकच काका होते.

आधी माझा धंदा सांगतो, कारण तो रत्नागिरीत कुणाला कळत नाही. मी फोटो काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेले फोटो घरी बसून निवडतो, उजळतो, कपाळावरचा घाम पुसतो, मांडवाच्या कोपऱ्यातली निळी बादली नाहीशी करतो. शेजारच्या आजींना वाटतं मी नोकरी गेल्यामुळे घरी असतो. त्या अधूनमधून माझ्या आईला धीर देतात.

तर काका. नवरीचे सख्खे काका, पावसच्या वाटेवर त्यांची हापूसची बाग. लग्नाचा सगळा व्यवहार त्यांच्याकडे होता, म्हणून फोटोंचाही. साखरपुडा २४ नोव्हेंबर २०२४, हळद २२ फेब्रुवारी, लग्न २३ फेब्रुवारी २०२५, मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा. दोन कॅमेऱ्यांनी मिळून हळदीचे आणि लग्नाचे ४,३८६ फोटो काढले होते. साखरपुड्याचे वेगळे. त्या ४,३८६ मधले ६१२ मी ठेवले, नीट केले, पेनड्राइव्हवर घातले आणि काकांच्या हातात दिले. तेव्हा मेसेज अस्तित्वात नव्हता. मी तोंडी म्हणालो, "सगळं एकाच फोल्डरमध्ये आहे काका, एकपासून सहाशे बारापर्यंत. अगदी सोप्पं."

संध्याकाळी फोन आला. मागे पंधरा-वीस माणसांचा गलका.

"अरे, आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलोय. हे काय केलंस?"

"काय झालं काका?"

"पोरीला मेंदी लागली. तिसऱ्याच फोटोत लग्न लागलं. आणि आता परत मेंदी!"

मी माझ्या कॉम्प्युटरवर बघितलं. मेंदी, हळद, वरात, मुहूर्त, सगळं ओळीत. मी काकांना सांगितलं की तुमचा टीव्ही बिघडलाय. टीव्ही दिवाळीतच घेतलेला होता. काकांनी दुकानदाराला फोन लावला, दुकानदाराने कंपनीला, आणि दोन दिवसांनी एक मुलगा येऊन टीव्ही तपासून, "टीव्ही ओके आहे, फोटोवाल्याला विचारा," असं लिहून गेला.

फोटोवाला म्हणजे मी. आणि बिघाड माझाच होता. मी फोटोंना `1.jpg`, `2.jpg`, `3.jpg` अशी नावं दिली होती. माझा विंडोज शहाणा. त्याला कळतं की दोननंतर तीन येतात आणि दहा बरेच पुढे. पण पुष्कळ टीव्ही आकडा आकडा म्हणून वाचत नाहीत, शब्दकोशासारखा वाचतात. शब्दकोशात क-पासूनचे सगळे शब्द संपल्याशिवाय ख येत नाही. तसं टीव्हीच्या हिशेबात एकने सुरू होणारं सगळं संपल्याशिवाय दोन येत नाही. म्हणून 1 नंतर 10, मग 100, मग 101, 102 अशी वरात निघते. एक ते सहाशे बारामध्ये एकने सुरू होणारे आकडे बरोबर १११. म्हणजे दुसरा फोटो एकशे बाराव्या जागी. तोवर काकांच्या घरात नवरीला पुन्हा पुन्हा मेंदी लागून पुन्हा पुन्हा लग्न लागलं होतं.

यावर उपाय एवढाच की सगळे आकडे सारख्या उंचीचे करायचे. `0001`, `0002`, आणि शेवटी `0612`. पुढची शून्यं शोभेची नाहीत. ती रांगेतल्या बुटक्या पोरांच्या पायाखालचे पाट आहेत. मेसेजची पहिली ओळ त्या रात्री जन्मली: "क्रमांकाआधीची शून्ये कृपया काढू नयेत."

काकांचा उलट मेसेज आला, "शून्याला किंमत नसते." त्यापुढे हसरा चेहरा.

मी शून्यं लावून नवा पेनड्राइव्ह दिला. पुन्हा टीव्ही लागला, पुन्हा माणसं जमली. आणि पुन्हा फोन.

"अरे, आता सगळं ओळीत आहे. पण एक सांग. अंतरपाट धरायच्या आधी लोक जेवतायत कसे?"

"काय?"

"पंगत बसलीय. श्रीखंड वाढतायत. व्याही हात धुवून पान खातोय. आणि पुढच्या फोटोत भटजी अंतरपाट धरतोय! ते व्याही बघ इथंच बसलेत. ते म्हणतात, आम्ही असे वाटलो काय तुम्हाला?"

पाठीमागून कुणीतरी बाई म्हणाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं, "जेवणावरच डोळा होता त्यांचा, कॅमेऱ्यात बरोब्बर आलं." पुढचं ऐकू आलं नाही. बहुधा फोनवर हात ठेवला गेला.

हे प्रकरण सुटायला मला रात्रीचे अकरा वाजले. दोन कॅमेरे होते. एक इथल्या फोटोग्राफरचा. दुसरा नवऱ्याच्या मावसभावाचा, जो दुबईला असतो आणि खास लग्नासाठी रजा काढून आला होता. माणूस रत्नागिरीत उतरला, पण कॅमेऱ्यातलं घड्याळ दुबईतच राहिलं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. इथे सव्वा वाजता पंगत बसली, ती त्याच्या कॅमेऱ्याने पावणेबाराला बसवली. मी दोन्हीकडचे फोटो काढल्या वेळेप्रमाणे एकत्र लावले आणि त्यावर क्रमांक टाकले. त्यामुळे अख्खं वऱ्हाड मुहूर्ताच्या अर्धा तास आधी जेवून मोकळं झालं.

हे दुरुस्त करायचं तंत्र मात्र सुरेख आहे. दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण शोधायचा, ज्याबद्दल वाद होऊ शकत नाही. लग्नात असा क्षण देवानेच ठेवलाय: अंतरपाट खाली येतो तो. इथल्या कॅमेऱ्यात तो १२:१७ ला खाली आला होता, दुबईच्या कॅमेऱ्यात १०:४७ ला. फरक ९० मिनिटं. लाइटरूममध्ये दुबईचे सगळे फोटो निवडले, `Edit Capture Time` मध्ये जाऊन दीड तास पुढे ढकलले, आणि व्याह्यांची अब्रू जागेवर आली. क्रमांक मात्र त्यानंतर टाकायचे. आधी टाकले तर घड्याळ सुधारतं आणि नावं तशीच खोटी राहतात. गंमत म्हणजे आपण सुधारलंय हे कसं ओळखायचं, तर आणखी एखादा क्षण पडताळायचा. मी दोन्ही कॅमेऱ्यांतला पाठवणीचा फोटो पाहिला. गाडीचं दार दोन्हीकडे एकाच मिनिटाला लागलं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. बायको उठून पाणी पिऊन परत झोपली.

आता मी हुशार झालो होतो, आणि हुशार झालेला माणूस जास्त लांब कोसळतो. मी ठरवलं की आता नावं अशी द्यायची की पुन्हा प्रश्नच नको. तारीख, प्रसंग, क्रमांक. `20250223_Lagna_0412.jpg`. मेसेजमध्ये मी लिहिलं, "पहिले आठ आकडे म्हणजे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस."

"उलटी का?" काकांनी विचारलं.

"क्रमाने लागावी म्हणून."

"आम्ही जन्मभर सुलटी लिहिली, काही अडलं नाही."

आणि त्यांनी भाच्याला बसवून तीनही फोल्डरांची नावं सुलटी करायला घेतली. कॉम्प्युटरने `23/02/2025` मधली तिरकी रेघ घ्यायला नकार दिला. फाइलच्या नावात तिला जागा नाही. मग भाच्याने आडव्या रेघा घातल्या. `22-02-2025`, `23-02-2025`, `24-11-2024`. कॉम्प्युटरने डावीकडून वाचलं, बावीस, तेवीस, चोवीस, आणि हळद, लग्न, त्यानंतर साखरपुडा असा क्रम लावला. काकूंनी तो बघून एवढंच विचारलं म्हणे, "मुलं आजकाल असंच करतात ना?"

वर्ष आधी लिहिलं की २०२४ चा साखरपुडा आपोआप वर जातो. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मग आधीच नाही का सांगायचं?" मी मेसेज दाखवला. "एवढं मोठं कोण वाचतो," ते म्हणाले.

मराठीचा मुद्दाही त्याच बैठकीत निघाला. "आपल्या घरचं लग्न आणि नाव `Lagna`? देवनागरीत लिही की." वाद रास्त होता. मी सांगितलं की फोनवर, माझ्याकडे सगळं नीट दिसेल, पण अल्बम छापणाऱ्या लॅबचं जुनं सॉफ्टवेअर कधीकधी देवनागरी नावाचे चौकोन करून ठेवतं. काका म्हणाले, "चौकोन म्हणजे?" मी कागदावर काढून दाखवलं: सात चौकोन, मग `.jpg`. काकांनी कागद निरखला आणि म्हणाले, "हे पत्रिकेसारखं दिसतंय." विषय मिटला.

खरा कडेलोट यापुढे आहे.

घाईत मी काय केलं होतं, तर घड्याळं जुळल्यावर सगळ्याच्या सगळ्या ४,३८६ फोटोंना ओळीने क्रमांक टाकले, आणि मग त्यातले माझे ६१२ वेगळे काढले. मला वाटलं, काय फरक पडतो? क्रम तर बरोबरच आहे. त्यामुळे काकांच्या फोल्डरमध्ये `0408`, `0411`, `0412` आणि मग एकदम `0415`. रात्री साडेनऊला फोन.

"४१३ आणि ४१४ कुठे गेले?"

"ते काढून टाकलेत काका. डोळे मिटलेले होते."

"कुणाचे?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. "मोठ्या आत्यांचे," मी म्हणालो.

फोनमध्ये शांतता पसरली. रत्नागिरीच्या पावसाआधी पसरते तशी.

"नेमके आत्याचेच?"

"काका, मुद्दाम नाही. डोळे मिटले होते, बस."

"आणि ४०९, ४१०?"

"त्यात फोटोग्राफरचं बोट आलं होतं."

"४२१ ते ४३१?"

"त्यात सगळं एकसारखंच होतं. बारा फोटो, तीच पोज. एक ठेवला."

"म्हणजे एकंदर चार हजारांतले पावणेचार हजार तू ठेवून घेतलेस."

दुसऱ्या दिवशी आत्यांचा स्वतःचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता, आणि तेच जास्त वाईट. त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही तक्रार आहे का?" तिसऱ्या दिवशी आत्यांच्या जावयाचा. चौथ्या दिवशी मी हार मानली आणि ४१३, ४१४ पाठवून दिले. दोन्हीत आत्यांचे डोळे मिटलेले, तोंड उघडं, हातात अक्षता. काकांनी दोन्ही लक्षपूर्वक बघितले आणि ४१४ अल्बमसाठी निवडला.

"पण काका, आत्या..."

"त्यात माझा फेटा बरोबर आलाय."

यातून मेसेजमध्ये जी ओळ आली ती मी लालमध्ये लिहिली असती, पण व्हॉट्सअॅपवर रंग नाहीत. ती गिऱ्हाइकाला उद्देशून नाहीच, माझ्यासाठी आहे. आधी निवड, मग क्रमांक. टाकाऊ फोटो बाजूला काढून झाल्यावर उरलेल्यांना एकपासून सलग नंबर द्यायचे, मधे एकही भोक नको. कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव हवं असेल तर ते सॉफ्टवेअर आपल्या नोंदीत जपून ठेवतं, मला कधीही काढता येतं. दाखवायचं कारण नाही. माणसाला सहाशे बारा फोटो मिळाल्याचा आनंद होत नाही, मधला एक न मिळाल्याचा संशय मात्र होतो. मी पुन्हा सगळे नंबर सलग केले. आता आत्यांचा जुना `0412` हा `0088` झाला. त्यावर काका म्हणाले, "सगळ्यांची बढती झाली, आत्याची मात्र पदावनती."

आता अल्बमसाठी निवड करायची होती. ६१२ मधले १२०. मी मेसेजात लिहिलं, "आवडलेल्या फोटोंचे फक्त क्रमांक कळवावेत." दहा मार्चला सकाळी उठलो तर व्हॉट्सअॅपवर १३७ फोटो येऊन पडलेले. काकांनी पसंतीचे फोटो थेट पाठवून दिले होते. वर लिहिलं होतं, "हे घे. क्रमांक लिहीत बसण्यापेक्षा सोप्पं."

सोप्पं कुणाला, हा प्रश्न. व्हॉट्सअॅपवरून फोटो आला की फोन त्याचं नाव बदलून ठेवतो: `IMG-20250310-WA0031.jpg`. त्यातली तारीख लग्नाची नाही, फोटो येऊन पडल्याची. 0031 म्हणजे त्या दिवशीच्या रांगेतला नंबर. `Lagna_0088` हे नाव वाटेतच गळून पडलं. आता माझ्यासमोर १३७ चेहरे, आणि त्यांना सहाशे बारा चेहऱ्यांमध्ये शोधायचं. लग्नात एकाच व्यासपीठावर, त्याच लाल सोफ्याजवळ, तीच दोन माणसं आणि त्यांच्या बाजूला बदलते नातेवाईक. मी दोन दिवस जोड्या लावल्या. शेवटी नवऱ्याच्या मुंडावळ्या कुठल्या बाजूला सरकल्यात, यावरून मला वेळ सांगता यायला लागली.

मी काकांना विनवलं, "फक्त आकडे पाठवा." त्यांनी अकरा मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवला. "अठ्ठ्याऐंशी... थांब, अठ्ठ्याऐंशी नको, सत्त्याऐंशी... अगं, यात तुझी साडी दिसते का? दिसते म्हणतेय... मग दोन्ही घे..." सातव्या मिनिटाला मासेवाली आली. सुरमईचा भाव चालला चार मिनिटं. त्यातले दोन आकडे मी फोटोंच्या यादीत लिहून घेतले होते.

मग त्यांनी कागदावर लिहून कागदाचा फोटो पाठवला. हा सर्वात उत्तम मार्ग होता, एक गोष्ट सोडून. काका स्क्रीनवरून बघताना इंग्रजी आकडे लिहीत, आठवणीतून लिहिताना देवनागरी, आणि एकाच संख्येत दोन्ही. आपला १ आणि इंग्रजी नऊ यांत शेपटीएवढा फरक. आपला ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठ. मी वाचलेला ९४ हा बिचारा १४ निघाला, आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर नवरा-नवरीऐवजी पाण्याचा टँकर आला. तो ९४ नंबरचा फोटो मी का ठेवला होता, हे मलाही आजवर कळलेलं नाही.

आता फोल्डर. इतका मार खाल्ल्यावर मी एकदाच नीट रचना केली:

```
20250223_Lagna/
  01_Nivad/
  02_Print/
  03_WhatsApp/
  04_Album/
```

`01_Nivad` म्हणजे बघून निवडायला. `02_Print` म्हणजे छापायला, पूर्ण मोठे, एकेक फोटो आठ-दहा एमबीचा. `03_WhatsApp` म्हणजे वाटायला, १६०० पिक्सेलचे, चारशे केबीच्या आसपास. `04_Album` म्हणजे जुळवलेली पानं. आकडे पुढे लावलेत कारण फोल्डरही शब्दकोशासारखेच रांगेत उभे राहतात. नाहीतर `Album` सगळ्यात पहिला येतो आणि गिऱ्हाईक निवड न करताच अल्बम पसंत करतं.

सगळीकडे एकाच फोटोला एकच नंबर, याचा मला फार अभिमान होता. `01` मध्ये 0088, `02` मध्ये 0088, `03` मध्येही 0088. भाच्याला वाटलं, एकच वस्तू तीन ठिकाणी कशाला? त्याने घर आवरावं तसं आवरलं: `03` मधलं सगळं उचलून `02` मध्ये टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? त्याने "हो" म्हटलं. सहाशे बारा वेळा विचारू नये म्हणून "सगळ्यांना हो" म्हटलं. मोठे फोटो गेले, त्या जागी लहान बसले, आणि बाहेरून बघता काहीच बदललं नाही. नावं तीच, चेहरे तेच.

कळलं कसं, तर लॅबवाल्याने कोल्हापुरातून फोन केला, "फोल्डर फक्त अडीचशे एमबीचं कसं काय?" साडेपाच जीबीच्या जागी. फोटो न उघडता बिघाड ओळखायचा हाच मार्ग: फोल्डरचं वजन बघायचं. हिशेब साधा आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. मोठा फोटो ६००० पिक्सेल रुंद, भागिले ३००, म्हणजे वीस इंच स्वच्छ छापतो. व्हॉट्सअॅपचा १६००, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. अल्बमचं उघडलेलं पान छत्तीस इंच. त्या पानावर तो फोटो पसरला असता तर नवरी कोण आणि हार कोणता, हे विचारावं लागलं असतं.

काकांना हे पिक्सेल पटेनात. तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं एकमेव यशस्वी उदाहरण दिलं.

"काका, तुम्ही वाशीला पेटी पाठवता. पेटीवर काय लिहिता?"

"बागेचा मार्का. आणि डझन."

"डझन कशाला? आत आंबेच आहेत, दिसतीलच."

"वा! चार डझनाच्या पेटीत मोठं फळ, सहा डझनाच्या पेटीत लहान. पेटी तेवढीच. बाहेर लिहिलं नाही तर दलाल चाराच्या भावाची पेटी सहाच्या भावात घालेल."

"आणि पेटीवर 'छान आंबे', 'खूप छान आंबे', 'हे नक्की शेवटचे छान आंबे' असं लिहिता?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग तुझ्या फोटोवर डझन का नाही लिहीत?"

मी गप्प. कारण ते बरोबर होतं. त्याच दिवशी मी छापायच्या प्रत्येक फोटोच्या शेपटीला `_P` लावला आणि वाटायच्याला `_W`. `20250223_Lagna_0088_P.jpg`, `20250223_Lagna_0088_W.jpg`. नंबर एकच, पण नावं वेगळी; कुणीही कुणावर बसत नाही. आता भाच्याने कितीही घर आवरलं तरी दोन्ही राहतात. माझ्या नऊ परिच्छेदांच्या मेसेजमधली सर्वांत उपयोगी ओळ एका बागायतदाराने सुचवलीय, हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

अल्बम झाला. लॅबमधून आला. आत्या मिटल्या डोळ्यांनी, काका फेट्यात. मी सुटलो.

त्याच आठवड्यात बायकोने सहज विचारलं, "आपल्या लग्नाचे फोटो दाखव ना. त्या काकांच्या पुतणीचे मला पाठ झालेत." मी ऐटीत कॉम्प्युटर उघडला. माझ्या डेस्कटॉपवर `New folder` पासून `New folder (14)` पर्यंत चौदा फोल्डर आहेत. शिवाय `juna laptop sagla`, `juna laptop sagla 2`, `ithe nako`, आणि `baghto nantar`. आमचं लग्न `ithe nako` मध्ये सापडलं. नावं `DSC_0001` पासून. आमच्याही लग्नात पंगत अंतरपाटाच्या आधी बसली होती.

"नऊ परिच्छेद लिहितोस तू लोकांना," बायको म्हणाली.

"पाठवतो ना तुला," मी म्हणालो. तिने अंगठा दाखवला, मोबाइलमधला नव्हे.

एप्रिलच्या शेवटी काकांचा माणूस दारात पेटी ठेवून गेला. राहिलेल्या पैशांच्या बदल्यात की प्रेमाने, हे स्पष्ट नव्हतं. पेटीवर बागेचा मार्का, आणि खाली काळ्या रंगात `20250428_Hapus_5D_P`. मी ते वाचून दारातच बसलो. मग पेंढा बाजूला करून आंबे मोजले. पाच डझन म्हणजे साठ. अठ्ठावन्न भरले. पुन्हा मोजले. अठ्ठावन्न.

मी फोन लावला.

"काका, पेटी मिळाली. फार सुंदर. पण दोन कमी आहेत."

"हो. डागी होते. काढून टाकले."

"कुठले दोन?"

"आता कुठले दोन म्हणजे? डागी ते डागी! तूच नाही का तेव्हा सांगायचास?"

मी क्षणभर गप्प राहिलो. मला खरंच काही म्हणायचं नव्हतं. पण माझ्याच तोंडून आवाज आला, अगदी साडेनऊच्या फोनवरचा:

"मला ते बघायला पाठवाल का?"